बाजूच्या हॉटेलच्या एक्झॉस्टचा रात्रीचा घोंगाट: मर्यादा नक्की किती, आणि कमी करायला कुठून सुरुवात करायची?

निद्रानाश_६०१
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग मागच्या गल्लीत, पुढच्या रस्त्याच्या कडेला दोन मजली हॉटेल, त्याच्या गच्चीवर किचनच्या एक्झॉस्टचा मोठा ब्लोअर आणि दोन एसीची आउटडोअर युनिटं. ब्लोअर रात्री दीड वाजेपर्यंत चालतो. आम्ही सहाव्या मजल्यावर, बेडरूमची खिडकी सरळ त्या गच्चीकडे, अंतर साधारण वीस मीटर. आवाज कर्कश वगैरे नाही, एकसारखा घूंऽऽऽ असा, पण डोक्यात बसतो. फोनवर अ‍ॅप टाकून खिडकीत मोजलं तर ६० डेसिबल दाखवतं. मालक म्हणतो कमर्शियल एरिया आहे, चालतं. चालतं का खरंच? सासऱ्यांना बीपी आहे म्हणून जास्त काळजी वाटते, कानावर पण परिणाम होईल का?

गल्लीचा_राजा
ताई सरळ ११२ ला फोन लावा, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे. आमच्याकडे डीजे असाच बंद पाडला होता.

निद्रानाश_६०१
राजा, लाउडस्पीकर नाहीये हो, ब्लोअर आहे, पंखा.

गल्लीचा_राजा
आवाज तो आवाज.

कलम_कागद
नाही ना राजाभाऊ, कायद्यात तसं नाही, तिथेच तर घोळ आहे. वकिली करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये चार प्रकारचे एरिया आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, बाकीची रात्र. औद्योगिकला दिवसा ७५ रात्री ७०, व्यापारीला ६५ आणि ५५, निवासीला ५५ आणि ४५, शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. लाउडस्पीकर, डीजे, हॉर्न, फटाके यांच्यासाठी रात्रीची वेगळी बंधनं आहेत, पण गच्चीवरच्या पंख्याचं नाव कुठेही नाही. म्हणजे तुम्हाला या आकड्यांवरच भांडायला लागणार.

आता मालक "कमर्शियल" का म्हणतो ते बघा. नियम ७ प्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. तुमचा एरिया निवासी धरला तर ४५ वर ६०, म्हणजे १५ ने जास्त, तक्रार पक्की. व्यापारी धरला तर ५५ वर ६०, फक्त ५ ने जास्त, मर्यादा मोडलेली आहेच पण नियम ७ चा उंबरठा गाठत नाही. तोच पंखा, तोच आकडा, आणि सगळं फिरतं झोनवर. त्यामुळे पहिलं काम, डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये तुमचा प्लॉट कशात येतो ते बघा, हॉटेलचा नाही, तुमचा.

सायलेन्सझोन
ताई जवळ हॉस्पिटल किंवा शाळा आहे का? १०० मीटरच्या आत असेल तर आपोआप शांतता क्षेत्र, रात्री ४०! मग तर मालक गेलाच.

कलम_कागद
"आपोआप" आता नाही राहिलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने स्पष्ट अधिसूचित केल्याशिवाय शांतता क्षेत्र धरत नाहीत. शंभर मीटरची पट्टी लावून अर्ज केलात तर समोरचा पहिल्याच मिनिटाला हे काढेल. यादीत नाव आहे का ते आधी बघायचं.

निद्रानाश_६०१
आमच्या सोसायटीच्या कागदांवर निवासी लिहिलंय. पण हॉटेल रस्त्याला लागून आहे, तिकडे खालून सगळी दुकानं. मग मर्यादा त्यांची धरायची का आमची?

कलम_कागद
माझ्या मते जिथे ऐकू येतं तिथली, कारण मर्यादा त्या भागातल्या हवेतल्या आवाजाची आहे. पण समोरचा वकील नियम ५ मधलं पोटकलम पुढे करेल, त्यात खासगी ध्वनी यंत्रणा किंवा आवाज करणारं साधन ज्या भागात वापरलं जातं त्या भागाच्या मर्यादेपेक्षा हद्दीवर ५ डेसिबलहून जास्त नको असं आहे. ब्लोअर हे "आवाज करणारं साधन" म्हणायचं का यावरच दोन तास वाद घालता येईल, मी दोन्ही बाजूंनी घालू शकतो. म्हणून एक समांतर रस्ता सांगून ठेवतो, सार्वजनिक उपद्रवाचं कलम, पूर्वीचं सीआरपीसी १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२. तिथे डेसिबल सिद्ध करायची सक्ती नाही, पण एका घराचा त्रास पुरत नाही, बिल्डिंगमधली चार-सहा घरं एकत्र यायला लागतात.

प्रेसशॉप_मामा
६० डेसिबलवर धागा काढलात होय. मी पत्र्याच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य काढलं, तिथे शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही, कारखान्यात आठ तासाला ९० पर्यंत चालतं कायद्याने. तुमचं ६० म्हणजे दोन माणसं गप्पा मारतात तेवढं. खिडकी लावा आणि झोपा. आम्ही झोपायचोच की दुसऱ्या पाळीनंतर.

नाककानघसा
मामा, कान कसे आहेत आता?

प्रेसशॉप_मामा
शिट्टी वाजते डाव्या कानात, रात्री जास्त. आणि बायको काय बोलते ते कळत नाही, आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. वयाने होतं म्हणतात.

नाककानघसा
वय असतंच, पण तुम्ही सांगताय ते आवाजाने झालेल्या नुकसानीचं अगदी नेहमीचं चित्र आहे. ऑडिओग्राम काढला तर बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसेल. स, श, त, क असली अक्षरं वरच्या पट्टीत असतात, ती गेली की आवाज येतो पण शब्द तुटतो. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तपासून घ्या, मशीनचा उपयोग होईल.

आता ताईंचा प्रश्न, कारण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. ६० डेसिबलने कान जात नाहीत. वर्षानुवर्षं रोज आठ तास ८५ च्या आसपास किंवा वर राहिलं तर कानाचा धोका सुरू होतो. त्यामुळे सासऱ्यांच्या कानाची चिंता सोडा. पण झोपेतल्या माणसाचं गणित निराळं आहे. झोपेतही कान चालूच असतात, आवाज आला की जाग नाही आली तरी क्षणभर नाडी वाढते, बीपी वर जातं, गाढ झोप उथळ होते. "मला सवय झाली" म्हणणाऱ्यांची जाग येणं कमी होतं हे खरं आहे, पण हृदयाची ही प्रतिक्रिया तेवढी सवयीची होत नाही, थोडीफार चालूच राहते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीसाठी घराबाहेर ४० डेसिबल हे लक्ष्य ठेवलं आणि बेडरूमच्या आत तर ३० ची शिफारस १९९९ पासून आहे. आपले निवासीचे ४५ काही फार कडक नाहीत.

निद्रानाश_६०१
मग सासऱ्यांचं बीपी यामुळेच वाढलं असं डॉक्टर लिहून देतील का? तक्रारीला जोडता येईल.

नाककानघसा
मी तरी देणार नाही. हजारो लोकांचे अभ्यास घेतले की रात्रीचा गोंगाट आणि बीपी, हृदयविकार यांचा संबंध दिसतो, एका माणसावर बोट ठेवून "ह्याचं त्याच्यामुळे" म्हणता येत नाही. तुटक झोप, दिवसा पेंग, डोकेदुखी हे मात्र लिहून देता येतं आणि तेवढं पुरे. अजून एक, घूंऽऽ असा एकाच सुराचा आवाज त्याच डेसिबलच्या रहदारीच्या आवाजापेक्षा जास्त छळतो. तुम्ही उगाच कुरकुर करत नाही आहात.

डक्टवाला
आता आमचं खातं. एक्झॉस्ट आणि डक्टिंगची कामं करतो, असल्या भांडणात मधे उभा राहून मार खाल्लाय दोन्हीकडून. ताई ६० हा आकडा आधी सोडवून घ्या, त्यात काय काय मिसळलंय ते कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. फोनच्या अ‍ॅपवर चार-पाच डेसिबल इकडे तिकडे सहज होतात, पण त्याच फोनने त्याच जागी मोजलेल्यातला फरक बऱ्यापैकी खरा असतो. फोन खिडकीबाहेर हातभर काढून धरा, भिंतीला चिकटवून धरलात तर भिंतीवरून परतलेला आवाज मिळून तीनेक डेसिबल फुकट वाढतात. तीन वेळा मोजा: सगळं चालू, फक्त ब्लोअर बंद, आणि सगळं बंद. प्रत्येक वेळी दहा पंधरा मिनिटांची सरासरी घ्या, अ‍ॅपमध्ये Leq असं दिसतं ते, उसळलेला सगळ्यात मोठा आकडा नको. आणि अ‍ॅपमध्ये स्पेक्ट्रम असेल तर सगळ्यात उंच खांब कुठे आहे ते लिहा.

निद्रानाश_६०१
मोजलं. आठवडाभर रात्री जागत बसावं लागलं पण झालं. सगळं चालू ६०. दीडनंतर ब्लोअर बंद होतो, एसी चालू राहतात तेव्हा ५२. पहाटे सगळं बंद असताना ४६. स्पेक्ट्रममध्ये १८० च्या जवळ उंच सुळका आहे. म्हणजे ६० वजा ५२, ब्लोअरचा वाटा ८ ना?

गल्लीचा_राजा
बघा आठच डेसिबल, एवढ्यासाठी कशाला.

डक्टवाला
वजाबाकी तशी होत नाही, डेसिबल लॉगमधे असतात. ६० मधून ५२ ची ऊर्जा काढली तर एकट्या ब्लोअरचे ५९ निघतात. म्हणजे जवळजवळ सगळा आवाज त्याचाच, एसीची दोन युनिटं मिळून ५१ च्या आसपास. याचा अर्थ असा की तुम्ही एसीवर भांडून ते पूर्ण बंद करवून घेतलेत तरी ६० चे ५९ च होतील, कुणाला कळणारही नाही. पहिला हात ब्लोअरला.

दुसरं, लक्ष्य काय ठेवायचं ते बघा. सगळं बंद असताना तुमच्याकडे ४६ आहेत, म्हणजे निवासीचे ४५ हॉटेल नसतानाही मोडलेलेच आहेत, रस्त्यामुळे. त्यामुळे "४५ करून द्या" म्हणालात तर मालक कितीही खर्च करो, जमणार नाही. ५५ च्या आत आणायचं म्हटलं तर एसी आणि बॅकग्राउंड मिळून ५२ आधीच आहेत, ब्लोअरला उरतात ५२, म्हणजे ५९ वरून किमान सात खाली. एवढं आरामात होतं.

आता १८० चा सुळका. गच्चीवरचे असले ब्लोअर बरेचदा बारा पात्यांचे आणि मिनिटाला ९०० फेऱ्यांचे असतात. ९०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला १५, गुणिले १२ पाती, बरोबर १८०. म्हणजे हा पात्यांचा सूर आहे, बेअरिंगचा खडखडाट नाही. बेअरिंग गेलं असतं तर वरच्या पट्टीत कर्रर आलं असतं आणि ग्रीस मारून किंवा बेअरिंग बदलून भागलं असतं.

झाडं_लावा
मधे पत्र्याची भिंत उभी करा की, दहा फूट. आमच्याकडे हायवेला तशाच लावल्यात. नाहीतर बांबूची दाट रांग, दिसायला पण छान.

डक्टवाला
बांबूने दिसायचं बंद होईल, ऐकू यायचं नाही. एकदोन ओळी झाडांनी आवाजात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

भिंतीचं म्हणाल तर ती काम करते, पण कुणासाठी ते बघा. आवाजाला भिंतीवरून वळून जायला लागलं तरच तो कमी होतो. ब्लोअरच्या उंचीला, समोर वीस मीटरवर खिडकी असेल आणि ब्लोअरपासून दोन मीटरवर, नजरेच्या रेषेच्या वर सव्वा मीटर जाईल अशी भिंत उभारली तर या १८० च्या सुरातही दहाएक डेसिबल जातात. तीच भिंत मधोमध दहा मीटरवर सरकवली तर सात-आठ. म्हणून भिंत मशीनच्या कुशीत घालायची. पण ताई सहाव्या मजल्यावर, गच्ची दुसऱ्या मजल्याच्या डोक्यावर, त्या वरून खाली बघतात. दहा फूट भिंतीच्या वरून त्यांना ब्लोअर दिसतच राहणार, आणि दिसतो तोवर भिंतीचा उपयोग जवळपास शून्य. तिसऱ्या मजल्यावरचे खूश होतील, ताईंना तेवढंच. शिवाय आतून शोषक अस्तर नसेल तर पत्रा उलट आवाज परतवून वर फेकेल.

निद्रानाश_६०१
मग सगळं झाकून टाकलं तर? वरून पेटीच.

डक्टवाला
ब्लोअरला पेटी घालता येते, पण तो श्वास घेतो आणि सोडतो, दोन्ही तोंडं उघडीच ठेवायला लागतात आणि आवाज तिथूनच निघतो. मोटर पेटीत तापते ते वेगळंच. मी या क्रमाने गेलो असतो.

आधी किचनमध्ये जा. हूडच्या जाळ्या तेलाने चोंदलेल्या असतात, धूर ओढत नाही म्हणून कुणीतरी कधीतरी ब्लोअरचा स्पीड वाढवून ठेवलेला असतो. जाळ्या धुतल्या की तेवढा स्पीड लागतच नाही. मग स्पीड कमी करायचा, बेल्टवर असेल तर मोटरची पुली छोटी टाकून किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावून. पंख्याचा आवाज स्पीडच्या पाचव्या घाताने धावतो, ९०० चे ७२० केले, म्हणजे वीस टक्के कमी, तर पाच डेसिबल जवळजवळ फुकटात जातात. हवा पण वीस टक्के कमी होते हे खरं, म्हणून आधी जाळ्या. आणि मालकाला हे सांगा की वीज जवळपास निम्मी लागते, घन-घाताने पडते ती. आवाजाच्या नावाने न हलणारा माणूस बिलाच्या नावाने हलतो असा माझा अनुभव आहे.

मग बाहेर सोडायचं तोंड. आत्ता ते कुणाकडे आहे? तुमच्या खिडकीकडे असेल तर एल्बो टाकून रस्त्याच्या बाजूला किंवा सरळ वर फिरवायचं, आणि त्या तोंडावर सायलेन्सर. नव्यानं काम करणारे इथे मार खातात, एसीच्या डक्टला लावतात तो काचलोकरीचा उघडा सायलेन्सर किचनच्या एक्झॉस्टला लावतात. काही महिन्यांत लोकर तेल पिते, आवाज शोषणं बंद होतं आणि ती तेलात भिजलेली लोकर म्हणजे आगीला आमंत्रण. लोकरीवर पातळ फिल्मचं आवरण हवं, धुता येईल अशी जाळी हवी, आणि आधी तेल पकडणारं युनिट हवं. तोंड फिरवणं आणि सायलेन्सर मिळून सहा-सात डेसिबल पकडले, स्पीडचे पाच, तर ब्लोअर ५९ वरून ४७ च्या आसपास येतो आणि तुमच्या खिडकीत सगळं मिळून ५३. त्यानंतर मात्र एसी पुढे येतील, तेव्हा त्यांच्यावर बोला.

झाडं_लावा
आणि फोम? ते अंड्याच्या ट्रेसारखं मिळतं काळं, खोलीत भिंतीला लावतात.

डक्टवाला
१८० हर्ट्झची लाट जवळपास दोन मीटर लांब असते, दोन इंची फोम तिला काय अडवणार. तो खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज आत यायचा थांबवत नाही.

निद्रानाश_६०१
आणि मालक नाहीच म्हणाला तर आमच्या बाजूने काय? खिडक्या बदलायचा विचार चाललाय, दोन काचांच्या म्हणतात.

डक्टवाला
सरकत्या खिडकीत काचेपेक्षा फटी जास्त गळतात, म्हणून आधी ब्रशच्या जागी रबरी गॅस्केट आणि घट्ट लॉक असलेली उघडबंद खिडकी. दोन काचांचं म्हणाल तर बाजारात मिळणाऱ्यात दोन काचांमधली फट बारा मिलिमीटरची असते, ती गरमीसाठी असते, या खालच्या सुराला ती फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा आहे ती खिडकी ठेवून आतून दुसरी, शंभर मिलिमीटर अंतर सोडून, जाड लॅमिनेटेड काचेची लावा, ती जास्त देते. पण हे सगळं बंद खिडकीचं गणित. उघडी ठेवलीत की दहा-पंधरापेक्षा जास्त मिळत नाही.

वरच्या_मजल्यावरची
पण मग उन्हाळ्यात आम्ही खिडक्या बंद करून एसी लावायचा, त्यांच्या पंख्यासाठी? त्यांचा आवाज, आमचं बिल.

प्रेसशॉप_मामा
आमच्या एसीचं युनिट मग शेजारच्यांच्या खिडकीत घूं करणार. चालूच राहायचं हे.

कलम_कागद
वरच्या मजल्यावरच्या ताई बरोबर बोलतायत, म्हणूनच खिडकी हा शेवटचा उपाय. आणि स्वखर्चाने खिडकी लावून झाली की समोरचा "आता त्रास कुठे आहे" म्हणायला मोकळा होतो. मर्यादा घराबाहेरच्या आवाजाची आहे, तुमच्या काचेमागची नाही, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

अर्जाला फोनचे आकडे जोडा पण त्यांच्यावर विसंबू नका, ते पुरावा म्हणून फार टिकत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा पोलिसांकडे कॅलिब्रेट केलेल्या मीटरने रात्री दहा ते दीडच्या मधे मोजणी मागा, वेळ लिहूनच मागा, नाहीतर दुपारी चारला येऊन मोजतील आणि दिवसाची मर्यादा लावतील. ब्लोअर बंद असतानाची मोजणी पण मागा, डक्टवाल्यांनी सांगितलं ते त्यावरच उभं आहे.

डक्टवाला
एक गोष्ट राहिली. स्पीड ७२० केला की तो सूर १८० वरून १४४ वर उतरेल. मीटरवर आकडा छान पडेल कारण खालचा सूर मीटर कमी मोजतो, पण भिंती आणि काचा त्याला अजूनच कमी अडवतात. क्वचित असं होतं की कागदावर सुधारलं पण खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात घुमतच राहतं. पलंगाची डोक्याची बाजू भिंतीपासून दूर सरकवून बघा तेव्हा, कोपऱ्यात हे सूर जास्त जमतात.

निद्रानाश_६०१
तोंड आमच्याकडेच आहे ब्लोअरचं, आज नीट बघितलं. मालकाशी बोलले, कोर्टाचं काही काढलं नाही, फक्त वीज बिलाचं सांगितलं. पुली बदलून बघतो म्हणालाय, सायलेन्सरला मात्र नाही म्हणतो, तोंड फिरवायचं म्हणजे रस्त्याकडे वास जाईल म्हणून दुकानदार ओरडतील असं त्याचं म्हणणं. झोनचं महापालिकेत विचारलं तर प्लॅनमध्ये आमचा प्लॉट निवासी आहे पण रस्त्याच्या कडेच्या पट्ट्याला व्यापारी वापराची परवानगी आहे, आता ती पट्टी आमच्या गेटपर्यंत येते की नाही यावर तिथल्याच दोघांचं एकमत होईना.

कलम_कागद
ते लेखी मागा, माहिती अधिकारात, नकाशाच्या प्रतीसकट. तोंडी उत्तरावर पुढे जाऊ नका.

डक्टवाला
वासाचं त्याचं म्हणणं खरं आहे. रस्त्याकडे नको, सरळ वर करा, पण पाऊस आत जाऊ नये म्हणून तोंडावर टोपी बसवू नका, ती हवा खाली दाबते आणि आवाज परत तुमच्याकडेच वळवते. ब्लोअरच्या कवचाला खाली निचऱ्याचं भोक पाडलं की पाणी निघून जातं. पुली बदलल्यावर परत तीन मोजण्या टाका इथे, त्याच जागी, त्याच फोनने.